नोकरी सांभाळून शिकवणी किंवा ऑनलाइन क्लास: इंदूरच्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरच्या एका खाजगी शाळेत मी वर्षानुवर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतले ओळखीचे शिक्षक फोन करतात. शाळा उघडताना विचारतात, "शिकवणी घेऊ का?" आणि रिटर्न भरायच्या दिवसांत विचारतात, "घेतली आहे, आता दाखवू कशी?" या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या कायद्यांत आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की माणूस अडचणीत येतो. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कराचे आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाचे आहेत.

1. शाळेत पगारी शिक्षक असताना खाजगी शिकवणी घेणं कायद्याने चालतं का?

तुम्ही कोणत्या वर्गांना शिकवता आणि पगार कोण देतं, यावर ते ठरतं.

पहिली ते आठवीला शिकवत असाल तर उत्तर सरळ "नाही" असं आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा, ज्याला आपण आरटीई म्हणतो, 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 28 मध्ये एकच वाक्य आहे: कोणताही शिक्षक खाजगी शिकवणी किंवा खाजगी अध्यापनाचं काम करणार नाही. पुष्कळांना वाटतं की हे फक्त सरकारी शाळांसाठी आहे. तसं नाही. या कायद्यातली "शाळा" म्हणजे प्राथमिक शिक्षण देणारी कोणतीही मान्यताप्राप्त शाळा, मग ती सरकारी असो, अनुदानित असो की विनाअनुदानित. अतिथी शिक्षकही शिक्षकच असतो.

नववी ते बारावीला शिकवत असाल आणि नोकरी सरकारी असेल, तर मध्यप्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, 1965 लागू होतात. शासनाची आगाऊ मंजुरी घेतल्याशिवाय दुसरा धंदा किंवा नोकरी करता येत नाही. अर्जाचं प्रश्न 3 मध्ये सांगितलं आहे.

नववी ते बारावी आणि खाजगी शाळा असेल, तर शाळेचे सेवा नियम आणि तुमचं नेमणूकपत्र निर्णायक ठरतं. त्यासाठी प्रश्न 4 पाहा.

2. मी माध्यमिक शिक्षिका आहे, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. शिकवणी मात्र अकरावी-बारावीच्या मुलांची घेते. ती मुलं माझ्या शाळेचीही नाहीत. मग तर चालेल ना?

नाही. कलम 28 मधली मनाई शिक्षकावर आहे, शिकणारा कोणत्या वर्गात आहे याच्याशी तिचा संबंध नाही. शिवाय "खाजगी अध्यापनाचं काम" हे शब्द रुंद आहेत. बारावीचा विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, ऑनलाइन बॅच हे सगळं त्यात बसू शकतं.

एक खरा अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आरटीई लागू नाही, त्यामुळे तिथल्या शिक्षकावर कलम 28 चं बंधन येत नाही. 2025 मध्ये न्यायालयानेच हा मुद्दा फेरविचारासाठी मोठ्या खंडपीठाकडे न्यावा असं म्हटलं आहे, तेव्हा हा आधार कायमचा समजू नका. आणि त्या शाळेचं नेमणूकपत्र तरीही लागू असतंच.

3. मी सरकारी शाळेत उच्च माध्यमिक शिक्षक आहे. परवानगी मागायची तर कुणाकडे आणि काय लिहून?

अर्ज संकुल प्राचार्यांमार्फत जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे जातो. आपल्याकडचा सरकारी कारभार हिंदीत चालतो, म्हणून अर्ज हिंदीतच द्या. "शिकवणी घेण्याची परवानगी मिळावी" एवढं एका ओळीत लिहून पाठवलेला अर्ज टेबलावरच पडून राहतो, कारण त्यावर सही करणाऱ्याला आपण नेमकं कशाला हो म्हणतोय हे दिसत नाही. अर्जात या गोष्टी स्पष्ट असू द्या: कोणता विषय, कोणत्या वर्गाची मुलं, जास्तीत जास्त किती, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत. पुढे तीन गोष्टींची लेखी हमी द्या. स्वतःच्या शाळेचा एकही विद्यार्थी घेणार नाही. निवडणूक, जनगणना, बोर्डाच्या उत्तरपत्रिकांची तपासणी किंवा प्रशिक्षण आलं की शिकवणी बंद ठेवीन. विभाग सांगेल त्या दिवशी काम थांबवीन.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती घरी ठेवा. उत्तर आलं नाही तर? न आलेलं उत्तर म्हणजे होकार नाही. नियमात "आगाऊ मंजुरी" म्हटलं आहे, अर्ज दिल्याची पावती म्हटलेलं नाही. प्राचार्य तोंडी "घ्या हो, काही हरकत नाही" म्हणाले तर ते त्यांच्या बदलीपर्यंतच उपयोगाचं असतं. परवानगी नाकारलीही जाऊ शकते. तेव्हा नाराज होऊन गुपचूप सुरुवात केलीत, तर तुमची स्थिती अर्जच न केलेल्यापेक्षा वाईट होते, कारण नियम ठाऊक होता हे तुमच्याच सहीने सिद्ध झालेलं असतं.

मंजुरीशिवाय चालणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: विनामोबदला सामाजिक काम आणि कधीमधी केलेलं साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं काम, तेही मूळ कामात खंड पडत नसेल तर. दिवाळी अंकातला लेख यात बसतो, दर संध्याकाळची बॅच बसत नाही.

4. खाजगी शाळेत नववी-दहावीला आहे. नेमणूकपत्रात शिकवणीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मग मोकळा आहे का?

नेमणूकपत्रात बहुतेक वेळा एक ओळ असते, "संस्थेचे सेवा नियम लागू राहतील". ते नियम कार्यालयात मागून वाचा. शिकवणी हा शब्द नसला तरी "पूर्णवेळ सेवा" किंवा "अन्य व्यवसाय" हे शब्द सापडतात, आणि वाद झाला की त्यांचाच आधार घेतला जातो. दोन्हीकडे खरोखर काहीच नसेल, तरी प्राचार्यांना एक पत्र देऊन पोच घ्या. परवानगीसाठी नव्हे, माहितीसाठी. पुढे कुणी "लपवून ठेवलं" म्हणालं तर ती पोच कामी येते.

आणखी एक तपासा. तुमच्या वेळापत्रकात आठवीचा एखादा तास आहे का? पुष्कळ खाजगी शाळांत नववी-दहावीच्या शिक्षकाला आठवीचं गणित दिलेलं असतं. तसं असेल तर तुम्ही प्रश्न 1 च्या पहिल्या गटात येता, हे धरूनच चाला.

5. माझ्याच वर्गातल्या मुलांचे आईवडील मागे लागतात. नियम आड येत नसेल तर त्यांना घेऊ का?

घेऊ नका. हे मी अनुभवाने सांगते.

तेव्हा माझ्याकडे घरी सात-आठ मुलं यायची आणि त्यांतली दोन माझ्याच नववीच्या तुकडीतली होती. सहामाहीचा पेपर मी काढला. शिकवणीत सोडवून घेतलेल्या एका शाब्दिक उदाहरणातले आकडे बदलून मी तेच पेपरात घातलं होतं. मुद्दाम नाही. तिथे मुलं नेमकी कुठे अडतात हे मला ठाऊक होतं आणि सराव पक्का झालाय का ते पाहायचं होतं. पाच गुणांचा प्रश्न. ती दोघं बरोबर आली, तुकडीतली बाकीची बरीचशी अडली. आठवड्याभरात एक पालक दोन वह्या घेऊन प्राचार्यांच्या खोलीत बसले होते, एक शिकवणीची आणि एक शाळेची. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आकडे वेगळे होते, पण उदाहरणाची वाक्यरचना माझी होती, शब्दन् शब्द तीच. प्रश्न रद्द झाला, सगळ्यांचे गुण पुन्हा मांडले आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्या दोन मुलांना वर्षभर "बाईंची मुलं" म्हणून ऐकून घ्यावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अडचण पेपर फुटण्यापुरतीच नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुम्ही देता. शिकवणीच्या मुलाला 18 दिलेत आणि ते त्याचे रास्त गुण असले, तरी तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. 15 दिलेत तर त्याच्यावर अन्याय. जो पालक शिकवणी लावू शकत नाही, त्याला वाटत राहतं की शाळेत बाई मुद्दाम अर्धं शिकवतात. आपल्या शाळेतल्या पण दुसऱ्या तुकडीतल्या मुलांनाही हेच लागू पडतं, कारण पेपर एकच असतो. तेव्हा आलेल्या पालकांना विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाचं नाव सुचवा, आणि वर्गातल्या कच्च्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर शाळेतच अर्धा तास मोफत बसा. त्याला कुणी आक्षेप घेत नाही.

6. क्लास बायकोच्या नावावर काढला तर?

ती स्वतः शिकवत असेल, फी तिच्या खात्यात जात असेल, तर तो तिचा व्यवसाय आहे आणि त्यात गैर काही नाही. सरकारी नोकराने मात्र कुटुंबातल्या माणसाचा व्यवसाय विभागाला कळवावा. पाटीवर तिचं नाव आणि फळ्यापाशी तुम्ही, असं असेल तर काम तुमचंच आहे. बघणाऱ्याला ते कळायला वेळ लागत नाही. कराच्या हिशोबातही ज्याने शिकवलं त्याचंच उत्पन्न धरलं जातं. शिवाय चौकशी झाली तर नियमभंगाला लपवाछपवीची जोड मिळते, आणि उत्तरं तिला द्यावी लागतात.

7. ऑनलाइन शिकवलं तर कुणाला कळतं? यूट्यूबचं काय?

मनाई शिकवण्याला आहे, खोलीला नाही. त्यामुळे पडद्यावरची शिकवणी हीसुद्धा शिकवणीच. आणि कळतं. कंपनीच्या पानावर फोटोसह नाव असतं, रेकॉर्डिंग पालकांच्या गटात फिरतं आणि तक्रार करायला आपल्या राज्यात 181 ही सीएम हेल्पलाईन आहे.

धडे चित्रित करून मोफत टाकणं आणि त्यावर जाहिरातींचे पैसे घेणं यात फरक आहे. पैसे सुरू झाले की ते नियमित उत्पन्न होतं. सरकारी शिक्षकाने त्याआधी प्रश्न 3 प्रमाणे मंजुरी घ्यावी. चित्रीकरण शाळेच्या वर्गात, मुलांचे चेहरे दिसतील असं तर मुळीच करू नये.

8. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतली मुलं मिळतात. सकाळी शाळेआधी तास घेता येईल का?

तुम्हाला मनाई नसेल किंवा मंजुरी मिळाली असेल, तर ही सोय चांगली आहे, कारण हितसंबंधांचा प्रश्न उरत नाही. वेळ मात्र नीट बघून ठरवा. न्यू जर्सीत हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा. मार्चमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि तेच साडेसात आपल्याकडे पहाटेचे पाच होतात. नोव्हेंबरात पुन्हा सहा. सुरुवातीलाच विचारा की तास त्यांच्या घड्याळाने चालणार की आपल्या. एका शिक्षिकेने हे न विचारता वर्षाची फी घेतली होती. मार्चनंतर ती रोज साडेचारला उठत होती आणि दुपारच्या तासाला वर्गात तिचा आवाज निघत नव्हता.

फी परदेशातून आली तरी इथे राहणाऱ्याला कर इथेच लागतो.

9. शिकवणीवर कर किती लागेल?

शिकवणीचा वेगळा दर नाही. खर्च वजा जाता उरलेली रक्कम पगाराला जोडली जाते आणि एकूण रकमेवर कर बसतो. नव्या करप्रणालीत पगारातून 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते, आणि एकूण करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. दोन शिक्षकांचा हिशोब करून पाहू. दोघांनाही शिकवणीची परवानगी आहे.

पहिल्याचा पगार वर्षाला 7,20,000. वजावट जाऊन 6,45,000 उरतात. घरी 12 मुलं, महिन्याला 1,500 फी, 10 महिने, म्हणजे 1,80,000. एका ऑनलाइन कंपनीकडून 90,000. एकूण 2,70,000. फळा, छपाई, इंटरनेट, माइक असा पावत्यांसह खर्च 40,000. उरले 2,30,000. सगळं मिळून 8,75,000, म्हणजे 12 लाखांच्या आत. कर शून्य. म्हणजे हे उत्पन्न लपवून त्याचा एक रुपयाही वाचणार नव्हता.

दुसरा शिक्षक मुरलेला आहे, पगार 12,00,000. वजावटीनंतर 11,25,000, कर शून्य. त्यानेही शिकवणीत तेवढेच 2,30,000 कमावले. एकूण 13,55,000 झाले आणि 12 लाखांची सूट गेली. आता चार ते आठ लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, आठ ते बारावर 10 टक्के म्हणजे 40,000, आणि वरच्या 1,55,000 वर 15 टक्के म्हणजे 23,250. बेरीज 83,250, उपकर धरून 86,580. म्हणजे हाती आलेल्या 2,30,000 पैकी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कर भरण्यात गेले.

याच शिक्षकाने शिकवणीतून फक्त 75,000 कमावले असते तर एकूण बरोबर 12 लाख झाले असते आणि कर शून्य राहिला असता. 1,00,000 कमावले असते तर एकूण 12,25,000 झाले असते. तिथे कायदा थोडा आधार देतो: 12 लाखांच्या वर जेवढी रक्कम गेली त्याहून जास्त कर घेत नाही. म्हणजे 25,000, वर उपकर 1,000. थोडक्यात, 75,000 च्या पुढचे 25,000 त्याने सरकारसाठी शिकवून मिळवले. ज्यांचा पगार 12 लाखांच्या आसपास आला आहे त्यांनी जूनमध्येच हा हिशोब मांडावा आणि मगच किती मुलं घ्यायची ते ठरवावं.

10. रिटर्न कोणतं भरायचं? आजवर मी ही रक्कम "इतर उत्पन्न" म्हणून आयटीआर-1 मध्ये टाकत आले.

नेहमीची शिकवणी हे व्यवसायाचं उत्पन्न आहे आणि आयटीआर-1 मध्ये व्यवसायाला जागाच नाही. प्रत्यक्ष खर्च दाखवून हिशोब देणार असाल तर आयटीआर-3 भरा. अंदाजित उत्पन्नाची सोपी पद्धत घेणार असाल तर आयटीआर-4. "इतर उत्पन्न" म्हणून दाखवणं तुमच्याच तोट्याचं ठरतं, कारण तिथे आपण इंटरनेट, छपाई असा खर्च सहसा मांडतच नाही.

शिकवणीसाठी बँकेत वेगळं बचत खातं उघडा आणि सगळी फी, यूपीआयनेही, तिथेच घ्या. एका वहीत तारीख, मुलाचं नाव आणि रक्कम एवढं लिहिलं तरी वर्षाअखेरीला पुरतं.

11. ऑनलाइन कंपनीने पैसे कापून दिले. ते बुडाले का?

बुडाले नाहीत. वर्षाची रक्कम 50,000 च्या वर गेली की कंपन्या बहुधा 10 टक्के टीडीएस कापतात. प्रश्न 9 मधल्या पहिल्या शिक्षकाचे 90,000 वर 9,000 कापले गेले असतील. त्याचा कर शून्य आहे, म्हणून रिटर्न भरलं की ते परत मिळतात. कापलेली रक्कम आयकराच्या संकेतस्थळावर एआयएस या विवरणात दिसते. म्हणूनच कंपनीचं उत्पन्न रिटर्नमध्ये न दाखवणाऱ्याला विभागाचा संदेश येतो.

दुसऱ्या शिक्षकाचं उलटं आहे. 86,580 मधून 9,000 वजा जाऊन 77,580 भरायचे उरतात. वर्षात भरायचा कर 10,000 किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च असे हप्ते. अंदाजित पद्धतीत सगळा एकदम 15 मार्चपर्यंत चालतो. हप्ते चुकले की महिन्याला 1 टक्का व्याज. हे टाळायचं तर शाळेच्या कार्यालयाला हे उत्पन्न लेखी कळवून पगारातूनच कर कापायला सांगता येतं. अर्थात परवानगी आधीपासून हातात असेल तरच ही वाट धरा.

12. दरवर्षी जुनी की नवी करप्रणाली, जी फायद्याची ती निवडायचो. शिकवणीमुळे त्यात काही बदलतं का?

बदलतं, आणि हे फार जणांना माहीत नसतं. फक्त पगार असणाऱ्याला दरवर्षी निवड करता येते. व्यवसायाचं उत्पन्न आलं की जुन्या प्रणालीत जाण्यासाठी मुदतीत 10-IEA हा फॉर्म भरावा लागतो, आणि तिथून नव्या प्रणालीत परतण्याची संधी एकदाच मिळते. परतल्यावर, व्यवसायाचं उत्पन्न चालू आहे तोपर्यंत, जुनीत पुन्हा जाता येत नाही. गृहकर्जाचं व्याज आणि भविष्य निर्वाह निधीच्या भरवशावर जुनी प्रणाली धरून बसलेल्यांनी शिकवणी सुरू करण्याआधी पुढच्या चार-पाच वर्षांचा हिशोब मांडावा.

13. जीएसटी नोंदणी लागते का? कोचिंग केंद्राचे नियम?

वर्षाची एकूण फी 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याच्या वर गेली तर शाळेला असते तशी सवलत शिकवणीला नाही, 18 टक्के लागतो. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत कोचिंग केंद्र म्हणजे 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांचं. भंवरकुव्याकडच्या मोठ्या क्लासेसचा तो विषय आहे, घरच्या डझनभर मुलांचा नाही.

14. रिटर्नमध्ये शिकवणी दाखवली तर शाळेला कळेल म्हणून भीती वाटते.

तुमचं रिटर्न शाळा किंवा शिक्षण विभाग पाहू शकत नाही. कर भरल्याने शिकवणीची परवानगी मिळत नाही, आणि परवानगी नसली म्हणून कर चुकत नाही. मनाई असतानाही तुम्ही यावर्षी शिकवणी घेतलीच असेल, तर आलेलं उत्पन्न पूर्ण दाखवा आणि चालू बॅचच्या परीक्षा संपल्या की काम थांबवा. मधेच मुलांना सोडू नका. पालकांना आत्ताच सांगा म्हणजे पुढच्या सत्रासाठी त्यांना दुसरा शिक्षक शोधता येईल. आगाऊ घेतलेली फी असेल तर न घेतलेल्या तासांचे पैसे खात्यातून परत करा, रोख नको, म्हणजे त्याचीही नोंद राहते.